दोन मृत्युपत्रं आणि एक पुरवणी सापडली, तर खरं कुठलं धरायचं?

माणूस गेल्यावर कपाट उघडतात आणि तीन कागद हाती येतात: एक जुनं नोंदणीकृत मृत्युपत्र, त्याला जोडलेली पुरवणी आणि अलीकडचं हातानं लिहिलेलं एखादं पान. घरातला कोणीतरी लगेच म्हणतो, "शेवटचं तेच खरं, बाकीचे फाडून टाका." दुसरा म्हणतो, "रजिस्टर केलेलं तेच चालतं." दोन्ही वाक्यं इतक्या खात्रीनं बोलली जातात, की त्यावर वाटण्या होतात आणि मग वर्षानुवर्षं दावे चालतात. कायद्याचं उत्तर या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. नंतरचा कागद आधीच्या कागदातलं नेमकं काय पुसतो आणि काय तसंच ठेवतो, हे कलमागणिक पाहावं लागतं.

इथे मी भारतीय वारसा कायदा, १९२५ धरून लिहितो आहे. महाराष्ट्रातल्या हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख मंडळींना मृत्युपत्राच्या बाबतीत हाच कायदा लागू होतो. ख्रिस्ती आणि पारशी समाजालाही तो लागू आहे, पण एक मोठा फरक आहे: त्यांच्यात लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, हिंदूंमध्ये तसं होत नाही. मुस्लिम व्यक्तींच्या मृत्युपत्राचे नियम त्यांच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे चालतात. गोव्यात २०१२ चा स्वतंत्र वारसा कायदा आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांनी पुढचं सगळं जसंच्या तसं आपल्याला लावू नये.

एक घर धरून चालू

समजा, सांगलीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना आपण नाना म्हणू. सगळी मिळकत त्यांची स्वकष्टार्जित. त्यांनी २०१२ मध्ये मृत्युपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं. त्यात सांगलीतला फ्लॅट थोरल्या मुलाला, तासगावजवळची दोन एकर द्राक्षबाग धाकट्याला, तीन लाख रुपये मुलीला आणि "उरलेली सर्व मिळकत" पत्नीला दिली.

२०१८ मध्ये त्यांनी पुरवणी मृत्युपत्र केलं. त्यात एकच वाक्य: "माझ्या मुलीस पाच लाख रुपये द्यावेत."

२०२१ मध्ये थोरल्याशी बिनसलं. नानांनी वहीच्या पानावर "माझे शेवटचे मृत्युपत्र" असं शीर्षक घालून लिहिलं की सांगलीचा फ्लॅट मुलीला द्यावा. खाली सही केली, दोन शेजाऱ्यांनी नानांच्या समोर साक्षीच्या सह्या केल्या. नोंदणी केली नाही.

२०२३ मध्ये धाकट्यावर रुसून त्यांनी २०१२ च्या मूळ प्रतीतलं द्राक्षबागेचं कलम पेनानं आडवी रेघ मारून खोडलं. पुढे थोरल्याशी समेट झाला, तेव्हा पत्नीच्या देखत २०२१ चं पान फाडून टाकलं. २०२४ मध्ये नाना गेले.

कोणाला काय मिळेल? पुढे वाचण्याआधी एकदा स्वतःशी उत्तर ठरवून पाहा.

पहिली पायरी: प्रत्येक कागद आपल्या पायावर उभा आहे का?

सगळे कागद तारखेच्या क्रमानं मांडा आणि आधी प्रत्येकाची वेगळी तपासणी करा. कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांची साक्ष हवी. प्रत्येक साक्षीदारानं करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही सही माझीच" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि त्यानंतर त्याच्या समोर आपली सही केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत, असं बंधन नाही. पुरवणीलाही हेच सगळे नियम लागतात, कारण कायद्याच्या नजरेत पुरवणी हा मृत्युपत्राचाच भाग असतो.

इथे लोक एक गोष्ट हमखास विसरतात. नंतरचा कागद या परीक्षेत नापास झाला, तर त्यात लिहिलेली रद्द करण्याची ओळही त्याच्याबरोबर पडते. नानांच्या २०२१ च्या पानावर एकाच शेजाऱ्याची सही असती, तर "आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असं ठळक अक्षरात लिहूनही २०१२ च्या मृत्युपत्राचा केसही वाकडा झाला नसता. रद्द करणारं लेखनसुद्धा मृत्युपत्रासारखंच सही-साक्षीसह झालेलं असावं, असं कलम ७० सांगतं. म्हणून मुलाला पाठवलेलं पत्र, व्हॉट्सॲपवरचा मेसेज किंवा मोबाइलवर केलेला व्हिडिओ यांनी मृत्युपत्र रद्द होत नाही. बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी बदलला म्हणूनही मृत्युपत्र बदलत नाही. नॉमिनी पैसे किंवा शेअर ताब्यात घेतो, मालकी मृत्युपत्र किंवा वारसा कायदाच ठरवतो. सर्वोच्च न्यायालयानं शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही २०२३ च्या शक्ती येझदानी खटल्यात हेच स्पष्ट केलं.

नोंदणीचं काय? मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. त्यामुळे नोंदवलेलं जुनं मृत्युपत्र न नोंदवलेल्या नव्या मृत्युपत्रानं रद्द होऊ शकतं. नोंदणीनं कागदाला पुराव्याच्या दृष्टीनं आधार मिळतो, वरचा दर्जा मिळत नाही. म्हणजे नानांचं २०२१ चं साधं पान २०१२ च्या शिक्का असलेल्या दस्तापुढे कायद्यानं उणं नव्हतं. ते सिद्ध करणं मात्र अवघड गेलं असतं. किमान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं, आणि ज्याचा फायदा झाला त्यानंच तो कागद आणला असेल, तर न्यायालय प्रत्येक संशयाचं उत्तर मागतं.

दुसरी पायरी: रद्द करण्याची ओळ शोधा, आणि नसेल तर कलमं समोरासमोर ठेवा

नंतरच्या कागदात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द करीत आहे" असं स्पष्ट असेल, तर प्रश्न मिटतो. आधीचं सगळं गेलं, त्यातल्या ज्या देणग्यांचा नव्या कागदात उल्लेखही नाही त्या देखील गेल्या. ही ओळ फार ताकदीची आहे आणि टंकलेखकाच्या नमुन्यातून ती नकळत येते. फक्त एका सदनिकेची सोय बदलायला बसलेला माणूस या एका ओळीनं बाकीच्या पाच जणांच्या देणग्या पुसून बसतो, आणि त्या मिळकतीबद्दल नव्या कागदात काहीच नसल्यामुळे ती बिनमृत्युपत्राच्या वाटेनं सगळ्या वारसांत विभागली जाते.

ओळ नसेल तर? तर दोन्ही कागद एकत्र वाचायचे. जिथे दोन्ही एकाच वेळी खरे होऊ शकत नाहीत, तेवढ्यापुरतं नंतरचं चालतं. बाकी आधीचं जिवंत राहतं. "शेवटचे मृत्युपत्र" हे शीर्षक एकट्यानं जुनं मृत्युपत्र रद्द करत नाही. नव्या कागदानं सगळ्याच मिळकतीची नव्यानं विल्हेवाट लावली असेल, तर मात्र ओळ नसतानाही जुनं पूर्ण रद्द झालं असं मानलं जातं, कारण त्याला देण्यासाठी काही उरतच नाही.

नानांच्या २०२१ च्या पानानं फक्त फ्लॅटला हात लावला. म्हणून ते पान शाबूत असेपर्यंत फ्लॅट मुलीचा, पण बाग धाकट्याची आणि उरलेली मिळकत पत्नीचीच होती. थोरल्याचा फ्लॅट गेला तो मात्र त्याच क्षणी. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गाठ बसणार आहे.

तीन लाख, पाच लाख की आठ लाख?

मुलीच्या रकमेचा प्रश्न छोटा दिसतो, पण पुरवणीतली सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. घरातल्या कोणालाही विचारा, उत्तर येईल: "नानांनी तीनाचे पाच केले." कलम १०१ वेगळं सांगतं. एक रक्कम मृत्युपत्रानं आणि दुसरी पुरवणीनं त्याच व्यक्तीला दिली असेल, तर उलट इच्छा दिसत नाही तोवर ती व्यक्ती दोन्ही रकमा घेते. रकमा सारख्या असोत वा वेगळ्या. म्हणजे मुलीला आठ लाख.

एकाच मृत्युपत्रात दोन ठिकाणी तीच रक्कम त्याच व्यक्तीला लिहिली असेल, तर मात्र ती एकदाच मिळते. आणि तीच विशिष्ट वस्तू दोनदा दिली असेल, उदाहरणार्थ आजीच्या पाटल्या, तर साहजिकच ती एकदाच. फरक पडतो तो रक्कम वेगळ्या कागदात आल्यामुळे.

"ऐवजी" हा एक शब्द पुरवणीत असता तर भांडण झालंच नसतं. "दि. … च्या मृत्युपत्राच्या कलम ३ मध्ये मुलीस दिलेल्या तीन लाख रुपयांऐवजी पाच लाख रुपये द्यावेत" असं लिहिलं की पाच. "त्या रकमेव्यतिरिक्त" असं लिहिलं की आठ. पुरवणी लिहिताना प्रत्येक वाक्याला हे दोनच प्रश्न विचारा: हे आधीच्या जागी येतं आहे की आधीच्यात भर घालतं आहे? आणि आधीचं म्हणजे नेमकं कुठलं कलम?

तिसरी पायरी: खोडणं आणि फाडणं

नानांनी बागेचं कलम पेनानं खोडलं. पण रेघेखालची अक्षरं सरळ वाचता येतात. कलम ७१ प्रमाणे मृत्युपत्र पूर्ण झाल्यावर केलेली खाडाखोड किंवा ओळींमध्ये घुसवलेला मजकूर लागू होत नाही, जोवर त्या बदलाजवळ, समासात किंवा त्याबद्दलच्या टिपणाखाली मृत्युपत्रकर्त्याची आणि साक्षीदारांची सही नसते. अपवाद एकच: मूळ शब्द किंवा त्यांचा अर्थ वाचताच येणार नाही इतका मजकूर बुजवला असेल तर. इथे सह्या नाहीत आणि शब्द दिसतात. म्हणून बाग धाकट्याचीच राहते. रुसवा खरा असेल, पण कायद्यानं ओळखलेल्या रीतीनं तो कागदावर उतरला नाही.

फाडण्याचं तसं नाही. मृत्युपत्रकर्त्यानं स्वतः, किंवा त्याच्या समोर आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्यानं, रद्द करण्याच्या इराद्यानं मूळ प्रत जाळली, फाडली किंवा अन्य रीतीनं नष्ट केली, तर ती रद्द होते. कृती आणि इरादा दोन्ही लागतात. चुकून रद्दीत गेलेलं मृत्युपत्र रद्द होत नाही. झेरॉक्स फाडणं हे तर मुळातच नष्ट करणं नव्हे. आणि "ते जाळून टाक" असं फोनवर सांगितलं आणि मुलानं गावाकडे ते जाळलं, तर तेही पुरत नाही, कारण वडील तिथे हजर नव्हते.

नोंदणीकृत मृत्युपत्र फाडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याची नक्कल निबंधक कार्यालयात असते. मूळ प्रत इराद्यानं फाडली असली तरी नंतर कोणीही प्रमाणित प्रत काढून कोर्टात उभा राहू शकतो, आणि फाडणं सिद्ध करायचं ओझं दुसऱ्या बाजूवर येतं. म्हणून अशा मृत्युपत्रासाठी फाडण्यावर विसंबू नये.

तुकडेही सापडले नाहीत आणि कागद शेवटी मृत्युपत्रकर्त्याच्याच ताब्यात होता, अशा वेळी त्यानंच तो रद्द केला असावा असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पण भारतीय न्यायालयं हे अनुमान जपून वापरतात. आपल्या घरांत एकाच लोखंडी कपाटाच्या किल्ल्या चार जणांकडे असतात, आणि ज्याचं नुकसान होणार त्याच्याच हाताला कागद आधी लागू शकतो. नानांच्या बाबतीत पत्नीनं फाडताना पाहिलं आहे. तरी त्या कागदामुळे कोणाला काय मिळणार होतं, हे लक्षात घेऊनच तिची साक्ष तोलली जाईल.

चौथी पायरी: जुनं आपोआप जिवंत होतं का?

आता फ्लॅट. थोरला म्हणेल, "मधला कागद बाबांनी फाडला, म्हणजे २०१२ चं कलम परत लागू. फ्लॅट माझा." समंजस माणसालाही हे पटेल, आणि नानांच्या मनातही तेच असावं. तरीही तसं होत नाही.

कलम ७३ सांगतं की कोणत्याही रीतीनं रद्द झालेलं मृत्युपत्र किंवा त्याचा भाग पुन्हा जिवंत करायचा, तर तो नव्यानं सही-साक्षीसह करावा लागतो, किंवा पुनरुज्जीवनाचा इरादा दाखवणारी पुरवणी करावी लागते. २०२१ च्या पानानं फ्लॅटचं कलम रद्द केलं होतं. ते पान फाडल्यानं मुलीचा हक्क गेला, पण थोरल्याचा परत आला नाही.

मग फ्लॅट कुणाचा? २०१२ च्या मृत्युपत्रातलं शेवटचं कलम, "उरलेली सर्व मिळकत पत्नीला", कोणी रद्द केलेलं नाही. ज्याची दुसरी विल्हेवाट नाही ते सगळं त्या कलमात येतं. फ्लॅट पत्नीचा. पत्नी नानांआधीच गेली असती, तर ते कलमही निष्फळ ठरलं असतं आणि फ्लॅट हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गातल्या वारसांत, म्हणजे इथे तिन्ही मुलांत, सारखा वाटला गेला असता.

सगळं मांडून पाहा: मुलीला आठ लाख, धाकट्याला बाग, थोरल्याला त्या फ्लॅटमधून काहीच नाही, पत्नीला फ्लॅट आणि उरलेलं. आठ लाख आधी द्यायचे, मग उरेल ते पत्नीचं. ठेवी कमी पडल्या तर तो भार याच उरलेल्या मिळकतीवर येतो. नानांना यातलं बरंचसं नको होतं. समेट झाला त्या संध्याकाळी दोन साक्षीदार बोलावून चार ओळींची पुरवणी केली असती, तर फ्लॅट थोरल्याला मिळाला असता.

बदल करायचा असेल तर असा करावा

एखादी रक्कम, एखादा लाभार्थी किंवा मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेला व्यवस्थापक बदलायचा असेल, तर पुरवणी पुरते. दुसऱ्या पुरवणीची वेळ आली, तर माझा आग्रह नव्यानं पूर्ण मृत्युपत्र करण्याचा असतो. तीन कागद एकत्र वाचायचे म्हणजे तीन ठिकाणी अर्थ लावायचा, आणि तीनही कागदांचे साक्षीदार शोधायचे.

पुरवणीत आधीच्या मृत्युपत्राची तारीख, नोंदणी क्रमांक आणि बदललेलं कलम लिहा, आणि शेवटी ही ओळ घाला: "या पुरवणीने केलेले बदल वगळता माझे दि. … चे मृत्युपत्र कायम आहे." नवीन मृत्युपत्र असेल तर रद्द करण्याची ओळ अशी असू द्या: "दि. … रोजी केलेले व दुय्यम निबंधक … यांच्या कार्यालयात क्रमांक … अन्वये नोंदविलेले माझे मृत्युपत्र, तसेच यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या मी याद्वारे रद्द करीत आहे." त्यानंतर जुन्या कागदातलं प्रत्येक कलम हातात धरून नव्यात त्याची सोय झाली का ते पाहा, आणि उरलेल्या मिळकतीचं कलम कधीही वगळू नका. ते नसतं, तर नानांचा फ्लॅट पत्नीला मिळाला नसता, तो सगळ्या वारसांत वाटला गेला असता.

जुन्या इमारतीचा पुनर्विकास होणार असेल, तर त्याचीही तरतूद करा. विशिष्ट म्हणून दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी मालकीची उरली नसेल, किंवा तिचं रूप बदललं असेल, तर ती देणगी निष्फळ होऊ शकते. त्यासाठी रद्द करणारा कागद लागत नाही. "सदर फ्लॅट किंवा त्याच्या बदल्यात मला मिळणारी जागा वा रक्कम" असे शब्द घातले की हा धोका टळतो.

साक्षीदार लाभार्थी नसावेत. हिंदूंच्या मृत्युपत्रात लाभार्थी साक्षीदार असला म्हणून देणगी आपोआप बुडत नाही, पण विरोधकाच्या हाती आयतं कोलीत मिळतं. रद्द करतानाही मृत्युपत्रकर्ता शुद्धीवर आणि समजून-उमजून वागणारा असावा लागतो, म्हणून वय झालं असेल किंवा आजारपण असेल, तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. आधीचं मृत्युपत्र नोंदवलेलं असेल, तर नवं किंवा रद्द केल्याचा लेख त्याच कार्यालयात नोंदवणं शहाणपणाचं. पुढे शोध घेणाऱ्याला दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात.

पती-पत्नीनं मिळून एकच मृत्युपत्र केलं असेल, तर बदल करण्याआधी वकिलाला दाखवा. एकमेकांशी ठरवून केलेल्या अशा मृत्युपत्रात एक जण गेल्यावर आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतल्यावर बदल करण्याची मोकळीक राहत नाही.

वाटणी झाल्यावर पुरवणी सापडली तर

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळाल्यानंतर पुरवणी हाती लागली आणि तिनं व्यवस्थापकाची नेमणूक बदललेली नसेल, तर कलम २२५ प्रमाणे त्या पुरवणीचं स्वतंत्र प्रोबेट घेता येतं. व्यवस्थापकच बदलला असेल, तर आधीचं प्रोबेट रद्द करून दोन्ही कागदांचं मिळून नवं काढावं लागतं. नंतरचं पूर्ण मृत्युपत्र सापडलं, तर कलम २६३ खाली आधीचं प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज करता येतो. प्रोबेट न घेता फक्त सातबाऱ्यावर फेरफार किंवा सोसायटीत नाव लागलं असेल, तर त्या नोंदींनी मालकी ठरत नाही. अशा वेळी सापडलेला कागद दडवू नये आणि त्यावर काही लिहूही नये. तो ज्या पाकिटात, ज्या जागी मिळाला त्याचा फोटो काढा, साक्षीदार हयात आहेत का ते शोधा, आणि तो कागद घेऊन वकिलाकडे जा.